सेवा पूर्ववत सुरू आहे

राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, आमचं ऑफिस होतं. कोल्हापुरात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. शिरोलीचे फौंड्रीवाले, इचलकरंजी-कबनूरचे यंत्रमागवाले स्वतःच्या कारखान्याच्या नावाचा ईमेल पत्ता घ्यायला लागले होते. त्यांच्या मेलच्या पेट्या सांभाळणं हा आमच्या कंपनीचा धंदा. मालक धरून आम्ही सात माणसं. मी मराठीत एम.ए. केलेली. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. मला फोन घ्यायला ठेवलं होतं, आणि 'तुम्हाला लिहिता येतं' म्हणून ग्राहकांना जाणाऱ्या सूचनाही माझ्याकडे आल्या.

आमचा सिस्टीम बघणारा इंजिनियर निपाणीकडचा. घरी कन्नड बोलायचा, आणि माझ्याहून वर्षभरानं मोठा असूनही मला अक्का म्हणायचा. स्टेटस पेजची कल्पना त्याची. मेल बंद पडला की लोक फोन करतात, आमच्या लाइनी तीन, त्या भरल्या की लोक चिडतात. त्यापेक्षा इंटरनेटवर एक पान ठेवायचं आणि काय चालू, काय बंद ते त्यावर लिहायचं. आमची मशीनं पडली तर तेही पडू नये म्हणून ते पान त्यानं दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्याच कंपनीच्या मशीनवर ठेवलं होतं. जुन्या कॉम्प्युटरांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून मी मराठी मजकूर टाइप करून त्याचं चित्र बनवायची आणि ते पानावर चढवायची. वर्षभरात त्या पानावर चार-पाच सूचना आल्या असतील. लोकांना ते पान माहीत झालं होतं, आणि ते त्यावर विश्वास ठेवायला लागले होते, हे मी मुद्दाम सांगते.

त्या मंगळवारी सकाळी पावणेदहाला तिन्ही फोन एकदम वाजायला लागले. मेल उघडत नव्हता. सगळ्यांचा नाही, काहींचा. आमच्याकडे मेलच्या पेट्यांची दोन मशीनं होती. पहिलं ठीक होतं, दुसरं उत्तर देत नव्हतं. इंजिनियर मागच्या खोलीत जाऊन आला आणि म्हणाला की दुसऱ्या मशीनच्या दोन डिस्क एकदम खराब दाखवतायत. खरंच डिस्क गेल्या असतील, किंवा ज्या कार्डावर त्या चालतात ते कार्ड गेलं असेल. उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणखी बिघडू नये म्हणून त्यानं ते मशीन बंद ठेवलं.

तेवढ्यात कबनूरहून फोन आला. आठ मागांचा छोटा कारखाना असलेले एक गृहस्थ, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना काका म्हणायची. त्यांची मुलगी बी.कॉम.ला होती आणि कारखान्याचा कॉम्प्युटर तीच बघायची. काका म्हणाले, बाणा, म्हणजे आडवं सूत, मरून रंगाचा ठरलाय, त्यात बदल असेल तर मुंबईची पेढी आज दुपारी बारापर्यंत मेलवर कळवणार आहे. तोवर माग उभे ठेवलेत. मेल कधी चालू होईल?

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना म्हणाले, "काका, आत्ता काय सांगू? पान बघत राहा. खरं काय ते मी तिथं लिहिते."

हे मी बोलले. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं.

मग मी इंजिनियरला समोर बसवून एकेक गोष्ट विचारली. कुणाचं बंद आहे? ज्यांच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या नावापुढे दोनचा आकडा आहे त्यांचं. बाकीच्यांचं? चालू. मेल पाठवता येतो? येतो, पाठवायचं मशीन वेगळं आहे. बाहेरून येणारा नवा मेल कुठे जातोय? तो दारातल्या मशीनवर थांबून राहतोय, पेटीचं मशीन उठलं की आत जाईल. आणि पेटीत आधीपासून असलेला मेल? इथं त्यानं मागच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाला, "ते ठाऊक न्हाई, अक्का. असंल बी, नसंल बी."

मी लिहिलं ते असं होतं. आज सकाळी पावणेदहापासून आमच्या दोन मेल मशीनपैकी एक बंद आहे. ज्यांच्या सेटिंगमध्ये दोनचा आकडा आहे त्यांना मेल दिसणार नाही. इतरांचा मेल आणि सर्वांच्या वेबसाइट चालू आहेत. मेल पाठवता येईल. तुम्हाला येणारा नवा मेल आमच्याकडे थांबवून ठेवला आहे, मशीन सुरू झाल्यावर तो पेटीत टाकू. पेटीतल्या जुन्या मेलबद्दल तपासणी चालू आहे, आत्ता काही सांगता येत नाही. बिघाडाचं कारण अजून कळलेलं नाही. कधी सुरू होईल तेही नक्की नाही. मेल आला नाही म्हणजे पाठवलाच नाही, असं समजू नये. महत्त्वाचं काही येणार असेल तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. पुढची सूचना साडेअकराला, नवीन काही कळलं नाही तरीही.

शेवटून तिसरं वाक्य मी कबनूरच्या काकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं.

चित्र बनवून चढवणार तेवढ्यात मालक आले. मालक वाईट माणूस नव्हता हे मला सांगितलं पाहिजे. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी पंधरा दिवसांची रजा न मागता दिली होती. पण त्या दिवशी दुपारी एका मोठ्या पतसंस्थेचे लोक ऑफिस बघायला येणार होते. मालकांनी माझा मजकूर उभ्या उभ्या वाचला आणि मला खुर्चीवरून उठवलं.

त्यांचं म्हणणं असं की हे वाचून लोक घाबरतील. 'काही सांगता येत नाही' असं कंपनीनं कधी म्हणायचं नसतं. आणि ग्राहकाला फोन करून घ्या म्हणणं म्हणजे आमच्यावर विसंबू नका असं स्वतःच सांगणं. मग त्यांनी स्वतः टाइप केलं: टेलिफोन केबलमधील बिघाडामुळे काही ग्राहकांना मेल सेवेत किंचित विलंब जाणवू शकतो. आमचे तज्ज्ञ कार्यरत आहेत. सर्व मेल सुरक्षित आहेत. सेवा दुपारी बारापर्यंत पूर्ववत होईल.

केबलला काही झालं नव्हतं. विलंब किंचित नव्हता. मेल सुरक्षित आहेत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि बारा ही वेळ कुठून आली असं मी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, साधारण दोन तास लागतात अशा गोष्टींना.

मी म्हणाले, "सर, आपल्याला माहीत नाही ते आपण लिहितोय."

"मॅडम, तुम्ही कथा लिहीत नाही इथं," ते म्हणाले. "लोकांना धीर द्यायचा असतो."

मला आजही त्या वाक्याचा राग येतो. कथा त्यांनी लिहिली होती. मी फक्त जे होतं ते लिहिलं होतं.

साडेअकराला इंजिनियर अजून मशीन खोलून बसला होता. फोन थांबत नव्हते, कारण ग्राहकांच्या स्क्रीनवर दर पाच मिनिटांनी चूक दाखवणारी पाटी येत होती, सर्व्हर सापडत नाही म्हणून. मालकांनी इंजिनियरला सांगितलं की निदान ती पाटी बंद कर. एक सुटं मशीन होतं. त्यावर त्याच नावांच्या रिकाम्या पेट्या उघडायच्या, ग्राहकांचं लॉगिन तिकडे वळवायचं, म्हणजे पाटी येणार नाही. इंजिनियर म्हणाला, ते करता येईल, पण थांबवून ठेवलेला मेल मी त्या पेट्यांत सोडणार नाही. जुन्या डिस्क उठल्या तर दोन्हीकडचं एकत्र करताना घोळ होईल. मालक म्हणाले, ते नंतर बघू, आधी पाटी घालव.

सव्वाबाराला पाटी गेली. मालकांनी लगेच पानावर लिहिलं: सेवा पूर्ववत सुरू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

याचा अर्थ काय झाला ते नीट सांगते, कारण मला स्वतःलाही तो उलगडायला थोडा वेळ लागला. सकाळी मेल बंद होता आणि तो बंद आहे हे ग्राहकाला दिसत होतं. आता मेल बंदच होता, पण ग्राहकाला तो चालू दिसत होता. पेटी उघडत होती. आत काही नव्हतं. आणि आमच्या पानावर लिहिलं होतं की सगळं ठीक आहे. दार बंद असलेलं परवडलं, पण आम्ही दार उघडं टाकून आत भिंत बांधली होती.

इंजिनियर मागच्या खोलीतून बाहेर आला, त्यानं पान वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मालकांकडे गेले. ते पतसंस्थेच्या लोकांना चहा देत होते. हसतच त्यांनी मला बोटानं थांबायची खूण केली.

मी थांबले. जागेवर येऊन बसले, आणि पुढचे साडेतीन तास फोनवर जो विचारेल त्याला सांगत राहिले की सेवा पूर्ववत सुरू आहे. एका फौंड्रीवाल्यानं विचारलं, मग सकाळपासून एकही मेल कसा नाही? मी म्हणाले, हळूहळू येतील. हे तर मालकांनीही लिहिलेलं नव्हतं. ते माझं मीच घातलं.

पावणेचारला इंजिनियरला कारण सापडलं. डिस्क गेल्या नव्हत्या, कार्ड गेलं होतं. तसलंच कार्ड एका जुन्या मशीनमधून काढून बसवल्यावर डिस्क उठल्या, पेट्या जशाच्या तशा मिळाल्या. त्यानं लॉगिन परत मूळ मशीनवर वळवलं, थांबवलेला मेल सोडला, आणि सहा तासांचा मेल एकदम सगळ्यांच्या पेट्यांत पडला. नशिबानं काहीही हरवलं नव्हतं. मालक म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं, सर्व मेल सुरक्षित आहेत? त्यांना खरोखर वाटत होतं की ते बरोबर ठरले.

चारला कबनूरचा फोन. काका एरवी मोठ्यानं बोलायचे, मागांच्या आवाजात राहून सवय झालेली. त्या दिवशी मागे माग वाजत नव्हते आणि ते हळू बोलत होते.

"ताई, मेल आलंय. सकाळी साडेधाला धाडल्यालं हाय. आणि मी साडेबाराला माग चालू केलं."

पेढीनं मरून रंगाचा बाणा रद्द करून गडद हिरवा सांगितला होता आणि पुढचं कळवेपर्यंत माग सुरू करू नका असं स्पष्ट लिहिलं होतं. काकांनी साडेबारापर्यंत वाट बघितली. मुलीनं आमचं पान बघितलं, पेटी उघडून बघितली, आणि सांगितलं की मेल चालू झालाय, काही आलेलं नाही. म्हणजे बदल नाही. आठही माग मरूनवर सुरू झाले आणि साडेतीन तास चालले.

मी विचारलं, बाणा काढून टाकता येत नाही का? त्यांनी मला शांतपणे समजावलं. बाणा काढला तरी जो ताणा, म्हणजे उभं सूत, विणला गेला तो गेला. बीमवरचा, म्हणजे मागाच्या रुळावरचा ताणा त्या मालापुरता मोजून, सायझिंग करून, म्हणजे खळ देऊन आणलेला असतो. तो कमी पडला की माल कमी भरणार. नवीन सायझिंगला नंबर लावायचा तर आठवडा जाणार, आणि माल द्यायचा दिवस त्याच्या आत.

मी फोन ठेवला आणि पान उघडलं. पासवर्ड माझ्याकडे होता. मालक पतसंस्थेच्या लोकांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेले होते. मी लिहिलं की आज पावणेदहा ते पावणेचार आमचं दुसरं मेल मशीन बंद होतं. कारण त्यातलं एक कार्ड खराब झालं. पावणेअकराला आम्ही केबलचं कारण लिहिलं ते चुकीचं होतं. सव्वाबाराला सेवा सुरू झाल्याचं लिहिलं तेही चुकीचं होतं. त्या वेळी पेट्या उघडत होत्या पण त्यात नवीन मेल येत नव्हता. सव्वाबारानंतर मेल नाही असं समजून तुम्ही काही निर्णय घेतला असेल तर तो पुन्हा तपासा. आतापर्यंत मेल हरवल्याचं आढळलेलं नाही. आधीच्या दोन्ही सूचना मी पुसल्या नाहीत. त्यांच्या वेळांसह खाली राहू दिल्या.

मालक वर आले तोवर फोन पुन्हा सुरू झाले होते. लोक चिडले होते, पण काय विचारायचं ते त्यांना कळत होतं, आणि मला उत्तर देता येत होतं. मालकांनी पान वाचलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं की प्रश्न सुटलेला असताना, सगळे मेल मिळालेले असताना, हे उकरून काढायची काय गरज होती. मी कबनूरचं सांगितलं. ते म्हणाले, त्यानं फोन करून खात्री करायला हवी होती.

फोन करून खात्री करा, हेच वाक्य त्यांनी सकाळी माझ्या मजकुरातून काढलं होतं. मी ते बोलून दाखवलं. त्यांनी इंजिनियरला पासवर्ड बदलायला सांगितला आणि माझी सूचना उतरवली.

रविवारी इंजिनियर आणि मी त्याच्या मोटरसायकलवर कबनूरला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. काकांनी आम्हाला बसवलं, चहा आला. त्यांची बायको ओसरीत यंत्रावर सुताच्या कांड्या भरत होती, ती उठली नाही. मुलगी आतल्या दारात उभी होती. तिनं एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. आमच्या पानाची छापलेली प्रत. सेवा पूर्ववत सुरू आहे.

ती म्हणाली, "मी बाबांना वाचून दाखवलं होतं. मी चुकीचं वाचलं नव्हतं ना?"

घरात तिला कुणी बोललं होतं की नाही मला माहीत नाही. बहुतेक नसेल. पण पाच दिवस ती पोरगी तो कागद घेऊन बसली होती. कॉम्प्युटर घरात आणायचा हट्ट तिचा, त्यावर विसंबा म्हणणारी ती, आणि आता बापाचा माल तिच्या वाचण्यामुळे गेला असं तिला वाटत होतं. मी म्हणाले, तू बरोबर वाचलंस, लिहिलेलं खोटं होतं. हे बोलताना माझं अंग रागानं तापलं होतं, आणि तो राग फक्त मालकांवर नव्हता.

काका इंजिनियरला म्हणाले, "पावणं, मशीन मोडतंय, ते मला कळतंय की. माझाबी माग मोडतो. पण मोडल्याला माग चालू हाय म्हणून मी कुणाला सांगत न्हाय."

इंजिनियर मान खाली घालून बसला. रिकाम्या पेट्या त्यानं उघडल्या होत्या. "व्हय," एवढंच म्हणाला.

काकांनी आमच्याकडे एकच मागणी केली. पेढीला वाटतंय की त्यांनी मेल वाचूनही माग चालवले आणि आता सबब सांगतायत. तेव्हा काय झालं ते लिहून द्या. कंपनीच्या कागदावर मला लिहिता येणार नव्हतं. मुलीनं वहीतलं पान फाडून दिलं. मी वेळा घालून सगळं लिहिलं, खाली माझं नाव आणि सही केली, इंजिनियरनंही केली. त्या कागदावर पेढीनं विश्वास ठेवला. माल थोडा कमी आणि चार दिवस उशिरा घेतला. हे मुलीनंच नंतर मला फोनवर सांगितलं. त्याच फोनवर तिनं हेही सांगितलं की त्यांनी मेल दुसरीकडे हलवलाय. मी म्हणाले, बरं केलंत.

कागदाची बातमी मालकांपर्यंत पोचायला दोन आठवडे लागले. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी दिला. कधी काय कळलं होतं, कधी काय माहीत नव्हतं, कुणी काय लिहिलं, सगळं क्रमानं. मालकांनी तो वाचला आणि म्हणाले, "यात तुमची चूक कुठं आहे? सगळ्या माझ्याच दिसतायत."

मी म्हणाले, शेवटच्या ओळीत आहे. तिथं मी लिहिलं होतं की सव्वाबारापासून पावणेचारपर्यंत मी ते वाक्य फोनवर वाचून दाखवत होते, ते खोटं आहे हे माहीत असून.

त्यांनी खुलासा फायलीत लावला. महिनाअखेरीस मी नोकरी सोडली. त्यांनी थांबवलं नाही, पण दाखला चांगला दिला. इंजिनियर पुढे पुण्याला गेला. मीही पुढची बरीच वर्षं हेच, बिघाडाच्या सूचना लिहायचं काम केलं, मोठ्या कंपन्यांसाठी, इंग्रजीतसुद्धा. तिथं मोठे साहेब असतात, वकील असतात, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी 'किंचित' हा शब्द घेऊन येतोच. अलीकडेच एका बैठकीत एक शिकलासवरलेला मुलगा मला म्हणाला की बिघाडाच्या वेळी ग्राहकाला फार माहिती देऊ नये, तो गोंधळतो. मी त्याला विचारलं, तू कधी ग्राहकाच्या घरी गेलायस का? तो म्हणाला, त्याचा काय संबंध.